तिसरा फोटो

दातांच्या दवाखान्यात त्यांना सगळे आरसेवाल्या बाई म्हणत. डॉक्टरांच्या हातात आरसा द्यायचा, चिमटा द्यायचा, घाबरलेल्या माणसांना बोलण्यात गुंतवायचं, हे काम त्यांनी एकवीस वर्षं केलं. आणि वर्षातून एकदा, मुख आरोग्य दिनाला, वस्तीच्या सभागृहात भाषण. ते इतकं तोंडपाठ, की झोपेतून उठवून विचारलं तरी पुढचं वाक्य सांगतील.

दिवसाला तीस तोंडं बघणाऱ्या बाईंनी एका तोंडात मात्र कधी डोकावलं नव्हतं. नवऱ्याच्या. तो प्लंबर. डाव्या गालात तंबाखूची गोळी ठेवून दिवसभर नळ जोडायचा. "आत जरा खरखरीत लागतंय गं," असं तो एकदा म्हणाला होता. बाई भाजी निवडत होत्या. "तंबाखू सोड, म्हणजे जाईल," असं मान वर न करता म्हणाल्या. घरी आल्यावरही तोंडं बघत बसायची हौस कुणाला असते?

त्याला जाऊन चार महिने झाले होते. कशानं गेला, हे बाईंनी वस्तीत कुणाला सांगितलं नाही. "आजारी होते," एवढंच. दरवर्षी लोकांना शहाणपण शिकवणाऱ्या बाईच्याच घरात असं झालं, हे कळलं तर पुन्हा कोण ऐकणार होतं त्यांचं? रडूही आलं नाही. भुलीच्या इंजेक्शनानंतर आपलाच ओठ परका वाटतो, तसं सगळं परकं झालं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गेल्या महिन्यातच बदलून आलेल्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. "यंदा मोठ्या रुग्णालयातून नवीन फोटो आणलेत," त्या उत्साहानं म्हणाल्या. "तुम्ही फक्त बटण दाबायचं."

सभागृहात साठेक माणसं होती. पहिल्या रांगेत गाल फुगवून बसलेला ट्रकड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी त्याची बायको. तिनं त्याला ओढतच आणलं असणार, चेहराच सांगत होता.

बाई नेहमीसारख्या सुरू झाल्या. "तोंड ही शरीराची पहिली खोली. तिथे आपण कचरा साठवतो का?" पहिला फोटो, निरोगी तोंड. दुसरा, काळे डाग पडलेले दात. बटण दाबलं, तिसरा आला.

चेहरा नव्हताच. ओठ दोन बाजूंनी ताणलेले, गालाच्या आत पांढरा, सुरकुतलेला चट्टा आणि मधोमध लाल. वरचा सुळा तिरका तुटलेला. नळ जोडताना नवऱ्यानं तार दातात धरून ओढली, तेव्हा असाच टवका उडाला होता. त्या दिवशी बाईंनी त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं. मोठ्या रुग्णालयात फोटोसाठी त्यानं सही दिली होती, हेही आठवलं. "लोकांच्या उपयोगी पडेल," असं म्हणाला होता.

बाईंना काहीच वाटलं नाही. जीभ आपली चालत राहिली. "असा चट्टा पुसून जात नाही. प्रत्येक चट्टा कॅन्सरच असतो असं नाही, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. तोंडात जखम झाली आणि दोन आठवड्यांत भरली नाही, तर दाखवायची. दुखण्याची वाट बघायची नाही. सुरुवातीला दुखत नाही."

ड्रायव्हरची बायको फटकळ. "दुखत नव्हतं, कबूल. पण ह्याच्या घरात कुणी डोळे असलेलं माणूस नव्हतं का? बायको तरी?"

लोक हसले. डॉक्टरीणबाईसुद्धा. पुढचं वाक्य बाईंना पाठ होतं, चौथा फोटो तयार होता. बोट बटणावर होतं.

"होती," बाई म्हणाल्या. "ती मीच."

त्यांनी बटणावरचं बोट काढलं.

"त्यांनी मला सांगितलं होतं, खरखरीत लागतंय म्हणून. मी बघितलं नाही. तंबाखू सोडा, एवढंच म्हणाले. आज तुम्हालाही तेच सांगणार आहे. सोडाच. एकट्याला जमत नसेल तर दवाखान्यात या, आम्ही मदत करू. पण नुसतं सांगून भागत नाही. घरातल्या माणसाचं तोंड उजेडात धरून बघा."

मग त्यांनी बटण दाबलं आणि उरलेलं भाषण पुरं केलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. त्याचंच त्यांना वाईट वाटलं.

तपासणीच्या टेबलाशी पहिला नंबर ड्रायव्हरचा. तंबाखू थुंकून, चूळ भरून आला होता. बाईंनी बॅटरी धरली. डॉक्टरीणबाईंनी गाल आरशानं बाजूला सारला आणि आतून कापसाच्या पट्टीनं पुसलं. पांढरं गेलं नाही. त्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी लिहू लागल्या. "तुकडा काढून तपासावा लागेल. उद्याच जा."

"दुखत नाही हो," ड्रायव्हर म्हणाला.

त्याची बायको बाईंच्या जवळ सरकून हळूच म्हणाली, "परवाच म्हणाले होते मला, आत खरखरीत लागतंय. मी कपडे वाळत घालत होते."

बाईंच्या हातातली बॅटरी थरथरू लागली. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

"आज आणलंत ना," त्या म्हणाल्या. दुसऱ्या हातानं त्यांनी बॅटरी घट्ट धरली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.