कुणासाठी घेताय?

ऑस्ट्रेलियातल्या एचूका गावात, कॉरिगनच्या दुकानात ग्लेनिस हार्करने चौतीस वर्षं चादरी, अभ्रे आणि टॉवेल विकले. नवरा तिला सोडून गेला तेव्हाही ती दुसऱ्या दिवशी कामावर होती, आणि "काय गं, बरी आहेस ना?" म्हणणाऱ्यांना "टॉवेल खालच्या फळीवर आहेत" एवढंच उत्तर देत होती. दुसऱ्याच्या मनात नाक खुपसणाऱ्यांचा तिला मनस्वी तिटकारा. चुकून विक्रेती झाली असं कुणी म्हणेल, पण खरं तर म्हणूनच ती इतकी चांगली विक्रेती होती.

तिची रीत अगदी साधी होती. गिऱ्हाईक दारातून आत आलं की आधी दोन पावलं टाकू द्यायची. मग हातातलं काम न सोडता मान वर करायची, नजरेला नजर द्यायची आणि बोलायचं, "या. आज वारा नुसता सुटलाय." प्रश्न विचारायचा नाही. 'काही मदत करू का' या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे, 'नको, नुसतं बघतोय', आणि एकदा ते तोंडातून गेलं की माणसाला नंतर काही विचारायची लाज वाटते. तेव्हा आपणच सांगून टाकायचं, "मी इथे घड्या घालतेय, लागलं तर हाक मारा," आणि खरोखर घड्या घालत राहायचं. माणूस एखादी वस्तू ठेवून पुन्हा उचलतो, लेबल दुसऱ्यांदा वाचतो, मान वर करून इकडेतिकडे बघतो, तेव्हा जायचं. तेही समोरून नाही, बाजूने. समोरून गेलं की वाट अडवल्यासारखं होतं.

"तू गिऱ्हाइकाला हरणासारखं वागवतेस," टॉवेलच्या बाजूची शर्मेन तिला चिडवायची.

"मग काय करू? ओरडत मागे धावू? तुझी विक्री बघितलीय मी."

त्या वर्षी जुलैच्या हिवाळ्यात दर बुधवारी डेस्मंड पास्को येऊ लागला. सत्तरी ओलांडलेला, नदीवरच्या वाफेच्या बोटींवर इंजिन सांभाळण्यात जन्म गेलेला माणूस. नखांतलं काळं अजून निघालेलं नव्हतं. पूर्वी त्याची बायको आयव्ही यायची, तो बाहेर बाकावर बसून पाइप ओढायचा. आयव्ही एप्रिलमध्ये गेली हे ग्लेनिसला ठाऊक होतं, सगळ्या गावालाच ठाऊक होतं. ग्लेनिसने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

"या डेस. नदी चढलीय म्हणे."

"चढलीय खरी," तो म्हणायचा आणि चादरींच्या फळ्यांपाशी जायचा. दुहेरी चादरींसमोर थोडा उभा राहायचा, मग एकेरींकडे सरकायचा, मागे हात बांधून बघायचा आणि निघून जायचा. पहिल्या बुधवारी पाच मिनिटं, दुसऱ्या बुधवारी दहा. तिसऱ्या खेपेला त्याने हात लावून बघितला. ग्लेनिस घड्या घालत होती आणि तिला कळत होतं. या माणसाने आयव्हीबरोबरचा दुहेरी पलंग काढलाय, किंवा काढायचा म्हणतोय, आणि 'एकेरी' हा शब्द त्याला चारचौघांत उच्चारवत नाहीये. बोलायची पाळीच येऊ नये म्हणून तिने चौथ्या बुधवारी सकाळी निळ्या रेघांच्या एकेरी चादरींचे तीन संच फळीच्या कडेला, त्याच्या हाताच्या उंचीवर काढून ठेवले. उचलायचे, गल्ल्यावर ठेवायचे, की झालं.

पण त्याच आठवड्यात माशी शिंकली. कॉरिगन म्हाताऱ्याने दुकान मेलबर्नच्या कुणाला तरी विकलं होतं, आणि तिथून ब्रिओनी नावाची मुलगी हातात कागद अडकवलेली पाटी आणि चेहऱ्यावर हसू चिकटवून आली होती. तिच्यापाशी नियमांचा छापील कागद होता. तीस सेकंदांत गिऱ्हाइकापाशी पोचायचं. 'कुणासाठी घेताय' हे विचारायचंच, त्यावरून पुढचा माल सुचवता येतो. आणि महागातली एक वस्तू दाखवायचीच. गिऱ्हाईक बनून आलेल्या तपासनिसाने ग्लेनिसला सोमवारी आणि मंगळवारी असं दोनदा नापास केलं होतं.

"तुम्ही फार छान आहात, ग्लेनिस," ब्रिओनी म्हणाली, "पण तिसऱ्यांदा नापास झालात तर माझ्या हातात काही राहणार नाही. आज मी इथेच उभी राहते हं."

ग्लेनिस बासष्टची होती. या वयात एचूकात दुसरं काम कोण देणार? अक्कल शिकवायला आलेल्या त्या पोरीच्या तोंडावर कागद फेकावा असं तिला वाटलं, आणि तिने फेकला नाही.

त्याच बुधवारी अकरा वाजता डेस आला. सरळ कडेच्या संचापाशी गेला. उचलला, ठेवला. पुन्हा उचलला आणि छातीशी धरला. आता फक्त बाजूने जाऊन "मऊ आहेत त्या, धुतल्यावर आणखी मऊ होतात," एवढं म्हणायचं होतं. ब्रिओनीने पाटीवरून मान वर केली आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं.

ग्लेनिस चालत गेली. समोरून.

"नमस्कार! कुणासाठी घेताय?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "दुहेरी संचावर या आठवड्यात सूट आहे. थोड्याच जास्तीत दोघांचं काम होईल."

डेसने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, राग परवडला असता. एखादं ओळखीचं दार आतून कडी घातलेलं निघावं तसं बघितलं.

"नाही, नुसतं बघतोय," तो म्हणाला. संच फळीवर ठेवला, कडा नीट जुळवून ठेवला, आणि गेला.

"वा! याला म्हणतात प्रयत्न," ब्रिओनी म्हणाली आणि पाटीवर खूण केली.

पुढच्या बुधवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ग्लेनिसने ते तीन संच कुणाला विकले नाहीत. एकदा एक संच पिशवीत घालून ती त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. पण बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, हे हाडात भिनलेलं. ती परत फिरली. आयुष्यभर ज्या शहाणपणावर ती जगली, ते मोडायचं तेव्हा पाळलं आणि पाळायचं तेव्हा मोडलं, असं ती नंतर शर्मेनला म्हणाली आणि टॉवेलात तोंड खुपसून रडली.

सप्टेंबरच्या शेवटी एक चाळिशीची बाई घाईघाईने आत आली. डोळे सुजलेले, नाक तंतोतंत डेसचं. ग्लेनिसने हातातली घडी सोडली नाही.

"या. मी इथेच आहे."

बाई आपणहून बोलू लागली. "एकेरी चादरी हव्यात, सगळ्यांत मऊ. बाबांना वृद्धाश्रमात हलवतोय. न्यूमोनियातून कसेबसे वाचलेत, पण आता एकटे राहू शकणार नाहीत. मी सिडनीहून आले तेव्हा काय बघितलं, सांगू? आई-बाबांचा दुहेरी पलंग काढून टाकलेला, नवा एकेरी पलंग आणलेला, आणि त्यावर चादरच नाही. ऐन थंडीत दीड महिना नुसत्या गादीवर कोट पांघरून झोपत होते."

ग्लेनिसने निळ्या रेघांचा संच खाली काढला.

"मी म्हटलं, बाबा, चादर आणायला काय झालं होतं? तर म्हणतात, कॉरिगनमध्ये एक बाई होती, ती कधी काही विचारायची नाही. तिच्याकडून घेणार होतो." बाईने नाक पुसलं. "मला तिला भेटायचं होतं. आहे का ती अजून इथे?"

"नाही," ग्लेनिस म्हणाली. "गेली ती."

आणि तिने चादरी कागदात बांधायला घेतल्या.