‘नाही’च्या आधीची शांतता

ऑफिसात सगळे त्यांना वहिनी म्हणतात. त्यांचा नवरा आमचा कॅमेरामन होता, म्हणून. आता तो कॅमेऱ्याला हात लावत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. नवीन लागलेले लोकसुद्धा कारण न विचारता वहिनीच म्हणतात.

मी आवाजाचा माणूस. पाहुण्याच्या कॉलरला माइक लावायचा, कानाला हेडफोन लावून बसायचं, मुलाखत संपली की माइक काढून घ्यायचा. माझं काम तिथे संपतं आणि वहिनींचं सुरू होतं. दोन-अडीच तासांच्या गप्पांमधून त्यांनी मिनिटाच्या आतल्या दहा-बारा क्लिप्स काढायच्या. पूर्ण मुलाखत बघायला वेळ कुणाला आहे? लोक अंगठ्यानं वर सरकवत बसतात, तेही निम्मे आवाज बंद ठेवून. म्हणून क्लिपवर अक्षरं हवीत. वर मोठ्या अक्षरात मथळा, दोन ओळींच्या पुढे नाही. खाली बोललेले शब्द, पण अगदी तळाशी नाहीत, तिथे ॲपची बटणं येतात. महत्त्वाचा शब्द पिवळा. काय कापायचं, काय ठेवायचं आणि कुठल्या क्षणाला कुठली अक्षरं येणार, हे सगळं वहिनी आधी लिहून काढतात.

हे ऐकायला सोपं वाटतं. ज्याला वाटतं त्यानं आठवडाभर करून बघावं, डोकं बधिर होतं की नाही सांगावं.

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे हुकसाहेब म्हणतो. कुठलीही क्लिप दाखवा, पहिला प्रश्न एकच: “हुक कुठाय?” म्हणजे पहिल्या दोन सेकंदांत बघणाऱ्याला अडकवणारं वाक्य. माणूस वाईट नाही, पण मुलाखत ऐकत नाही, वाचतो. रेकॉर्डिंग मशीनमध्ये घातलं की बोलण्याचा छापील मजकूर मिळतो. साहेब त्यावर झटपट नजर फिरवतात, दहा-बारा वाक्यांखाली रेघा मारतात आणि कागद वहिनींच्या टेबलावर येतो. वहिनींची रीत वेगळी. आधी चित्र बंद करून नुसतं ऐकायचं, अख्खं. माणूस कुठे अडखळतो, कुठे श्वास घेतो, हे कळलं की मगच कात्री. पण अलीकडे त्यांना एवढा वेळ मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर अंगात त्राणही नसतं.

कारण घरी नवरा. मेंदूला झटका आला, हातपाय सावरले, पण बोलणं हरवलं. शब्द डोक्यात असतो, तोंडात यायला वेळ लागतो. “पाणी” म्हणायचं तर आधी हात उठतो, कपाळाला आठ्या पडतात, आणि मग बऱ्याच वेळानं “पा” येतं. डॉक्टरांनी सांगितलंय, शब्द त्यांच्या तोंडात देऊ नका, थांबा. म्हणून वहिनी थांबतात. चहा निवतो, भाजी करपते, त्या थांबतात. आणि सकाळी ऑफिसात येऊन दिवसभर लोकांच्या बोलण्यातल्या मोकळ्या जागा कापतात. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे. ते दाबलं की माणूस जिथे जिथे थांबला ती जागा आपोआप गिळली जाते आणि बोलणं कसं तुरुतुरु पळतं.

मी एकदा गमतीनं म्हटलं, “वहिनी, हे बटण घरी न्या की.”

“माझ्यासाठी नेईन,” त्या म्हणाल्या. “मलाच कुणीतरी मधून मधून कापायला हवं.”

त्याच सुमारास मेकअपवाले काका मुलाखतीला आले होते. चाळीस वर्षं नाटकवाल्यांचे चेहरे रंगवलेला माणूस. बोटं अजून अशी सफाईदार की मी माइक लावताना त्यांनीच माझी कॉलर नीट केली. बोलले झकास. विगला आग लागल्याचा किस्सा सांगितला तेव्हा हसू दाबता दाबता माझ्या नाकी नऊ आले, कारण मी हसलो तर रेकॉर्डिंगमध्ये येतं.

मग बाईंनी, म्हणजे आमच्या मुलाखत घेणाऱ्या बाईंनी, भावाचा विषय काढला. दोघं भाऊ एकाच आरशासमोर काम शिकले. आई गेली तेव्हा काका नाटकाच्या दौऱ्यावर होते, आले नाहीत. धाकट्यानं एकट्यानं सगळं केलं आणि वर सांगितलं, “पुन्हा तोंड दाखवू नकोस.” यांनीही दाखवलं नाही. वर्षांमागून वर्षं गेली, दोघंही हट्टाला पेटलेले.

बाईंनी विचारलं, “भावाची आठवण येते?”

काकांनी उत्तर दिलं, “नाही.”

मुलाखत संपल्यावर मी माइक काढत होतो. काका हळूच म्हणाले, “हे माझ्या भावाला दिसेल ना? त्याच्याकडे मोबाइल आहे म्हणे. दिवसभर त्यातच बघत बसतो.”

मी म्हटलं, “अख्खं नाही बघणार, पण छोटं काही तरी नक्की दिसेल.”

“मग छोटं नीट करा हो,” ते म्हणाले. “मी त्याच्यासाठीच आलो.”

हे मी चहाच्या वेळी वहिनींच्या कानावर घातलं. त्या “हं” म्हणाल्या. रात्रभर नवऱ्याचा खोकला होता, डोळे सुजलेले. साहेबांचा कागद टेबलावर पडला होता, आणि त्यात एका ठिकाणी दुहेरी रेघ: ‘भावाची आठवण येते? नाही.’ शेजारी साहेबांच्या अक्षरात, ‘हुक!!! सकाळची क्लिप.’

त्या दिवशी वहिनींनी पूर्ण ऐकलं नाही. कागदावरच्या रेघा धरून बारा क्लिप्स पाडल्या, बटण दाबलं, अक्षरं चढवली. भावाच्या क्लिपवर मथळा पडला: ‘सख्ख्या भावाची आठवण? अजिबात नाही!’ ‘अजिबात’ साहेबांनी घातलं होतं. काका तसं बोललेच नव्हते. वहिनींना खटकलं, पण भांडायला जोर हवा, तो कुठून आणायचा?

क्लिप्स पुढे पाठवण्याआधी वहिनी त्या घरी नवऱ्याला दाखवतात, आवाज बंद ठेवून. नुसती अक्षरं वाचून अर्थ लागतो का, याची ती चाचणी. शिवाय जुन्या कॅमेरामनला तेवढंच काम केल्यासारखं वाटतं. त्या संध्याकाळी भावाची क्लिप लागली आणि त्यानं हात वर केला. थांब, असा. वहिनींनी पुन्हा लावली. पुन्हा हात वर. आठ्या पडल्या, ओठ हलले. वहिनी हातातली ताटली तशीच धरून उभ्या राहिल्या.

“डो... ळे,” तो म्हणाला.

वहिनींनी तिसऱ्यांदा बघितलं. प्रश्न विचारताना काकांचे डोळे कोरडे होते. पुढच्याच क्षणी, “नाही” म्हणताना, ओले. माणसाचे डोळे असे पटकन ओले होत नाहीत. मधे काही तरी होतं, आणि ते बटणानं गिळलं होतं. ज्यानं आयुष्यभर कॅमेऱ्यातून चेहरे टिपले त्याला ते आवाजाशिवाय दिसलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याआधी आल्या होत्या. मूळ रेकॉर्डिंग लावलं होतं, चित्रासकट. मला खुणेनं बोलावलं आणि एक हेडफोन माझ्या कानाला दिला.

बाईंचा प्रश्न येतो. काका काहीच बोलत नाहीत. खुर्ची करकरते. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघतात, अंगठा बोटांवर फिरवतात, पावडर झटकल्यासारखा. एकदा तोंड उघडतात, मिटतात. छताकडे बघतात. मग “नाही” येतं, आणि ते इतकं बारीक की मला रेकॉर्डिंगच्या दिवशी आवाज वाढवावा लागला होता, हे तेव्हा आठवलं. मी तिथेच बसलो होतो, पण माझं लक्ष आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्यावर होतं.

वहिनी म्हणाल्या, “छापील कागदावर हे कुठे दिसणार? कागदावर प्रश्न आणि उत्तर शेजारी शेजारीच असतात.” मग म्हणाल्या, “माझीच मला लाज वाटते.”

त्यांनी क्लिप नव्यानं बांधली. वर एकच ओळ: ‘भावाची आठवण येते?’ मग ती ओळही जाते आणि पडद्यावर एकही अक्षर नाही. काका आणि त्यांचा हात. शेवटी खाली, पांढऱ्या रंगात, ‘नाही.’ पिवळं काही नाही.

साहेबांनी बघितली आणि कपाळाला हात लावला. “वहिनी, मधे काय आहे?”

“ते गप्प आहेत.”

“ते दिसतंय मला. लोक सरकवून जातील हो! इतका वेळ रिकामा पडदा? निदान ‘शेवटपर्यंत बघा’ एवढं तरी टाका.”

“काही टाकायचं नाही.”

“अहो, पण ते ‘नाही’च म्हणालेत ना? आपण कुठे खोटं दाखवतोय?”

मला वाटलं, वहिनी नेहमीसारख्या मान हलवून जागेवर जातील. त्या खाली बसल्या. उभं राहवत नव्हतं म्हणून बसल्या असाव्यात.

“साहेब, मी घरी एकेका शब्दासाठी ताटकळत उभी असते. कंटाळा येतो, राग येतो, रडूही येतं. पण तो शब्द येतो ना, तेव्हा मला कळतं त्याला काय काय ओलांडून यावं लागलंय. तुम्ही नुसता शब्द दिलात तर त्या भावाला वाटेल, दादानं झटकून टाकलं. तो माणूस आपल्याकडे त्याच्यासाठी आला होता.”

साहेबांनी दिवसाच्या क्लिप्सची यादी पुढे ओढली. शेवटी म्हणाले, “सकाळी विगची आग टाका. तुमची ही दुपारी. कुणी बघणार नाही, आधीच सांगतो.”

साहेबांचं म्हणणं खरं ठरलं. विगची आग तुफान चालली. भावाच्या क्लिपनं दुपारी मान टाकली. आकडे बघून साहेबांनी वहिनींकडे असं पाहिलं की त्यांच्या जागी मी असतो तर तोंड लपवलं असतं. वहिनींनी पुढची मुलाखत लावली. एका बँकेतल्या बाईंची होती, त्या न थांबता बोलत होत्या, बटणाची गरजच नव्हती. दिवस तसाच ढकलला, आणि पुढचेही.

मग एक दिवस मी आत आलो तर वहिनी फोन हातात धरून बसलेल्या, हेडफोन गळ्यात. काकांनी ऑफिसातून त्यांचा नंबर घेऊन फोन केला होता.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“भावाचा फोन आला होता त्यांना.”

“अरे वा! काय बोलला?”

“काहीच नाही. काका हॅलो हॅलो म्हणत राहिले. तो काही बोलला नाही.” वहिनींनी डोळे पुसले, लपवायचा प्रयत्नही केला नाही. “पण ठेवलाही नाही. मग काकाही गप्प बसले. दोघंही फोन धरून.”

सवयीचा गुलाम मी, तोंडातून निघून गेलं, “किती वेळ?”

“मी नाही विचारलं,” वहिनी म्हणाल्या, आणि हेडफोन कानाला लावून कामाला लागल्या.