गावाच्या नावावर अंगठा

सुमंगलाबाईंना एक खोड होती. रक्तवायू तपासणीचा कागद हातात आला की त्या पेशंटच्या नावागावावर डावा अंगठा ठेवायच्या आणि मगच आकडे वाचायच्या. डिचोलीच्या त्या इस्पितळातल्या नव्या नर्स हसायच्या. हसू देत बापड्या! दुधाने पोळलेलं तोंड ताकसुद्धा फुंकून पितं, हे त्यांना कुठं ठाऊक?

त्या दिवशी सकाळी खाणपट्ट्यातल्या सुर्ल्याहून सगुणला आणलं. वय पंचावन्न, श्वास मिनिटाला अडतीस, खोल खोल, मासा पाण्याबाहेर काढावा तसा. शुद्धीवर होता, पण शब्द फुटत नव्हता. बायको जानकी खाटेला धरून उभी.

"ह्यांच्या छातीत माती आसा, सिस्टर," ती म्हणाली. "वीस वर्सां खाणीचो ट्रक चलवलो."

झालं! सुर्ला, ट्रक आणि धाप, एवढं ऐकल्यावर पुढचं कोण विचारतो? इथे खोकला आला तरी खनिजाच्या धुळीवर ढकलतात. डॉक्टर प्रज्योत हुशार मुलगा, पण इथे येऊन त्याला जेमतेम दोन महिने झालेले. त्याने ऑक्सिजन लावला, मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन पाठवलं आणि म्हणाला, "माणूस थकतोय. घशात नळी घालून श्वासाच्या मशीनवर घेऊया. सिस्टर, तयारी करा."

नळीचा ट्रे मांडता मांडताच कागद आला. सुमंगलाबाईंनी अंगठा ठेवला. पीएच सात पॉइंट एक. रक्त भयंकर आंबट झालेलं. कार्बन डायऑक्साइड सोळा. बायकार्बोनेट पाच.

त्यांनी ट्रे बाजूला सारला.

"डॉक्टर, जरा थांबा."

"आता थांबायला वेळ आहे का?"

"म्हणूनच थांबा. छाती बिघडली असती तर कार्बन डायऑक्साइड आत साचला असता, चाळिसाच्या वर गेला असता. हा सोळावर आलाय. आणि चोवीस हवं ते बायकार्बोनेट पाच. आंबटपणा फुफ्फुसातून आलेला नाही, शरीरात दुसरीकडेच तयार होतोय. फुफ्फुसं बिचारी तो बाहेर फुंकून काढतायत."

प्रज्योतने कागद ओढून घेतला. त्याचे ओठ हलत होते. "बायकार्बोनेट पाच, त्याची दीडपट साडेसात. त्यात आठ, म्हणजे कार्बन डायऑक्साइड साडेपंधरा हवा. दोन इकडे, दोन तिकडे." त्याने कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "सोळा. अगदी बरोबर बसतंय. फुफ्फुसं आपलं काम चोख करतायत."

"आणि आपण त्यांना मशीनवर टाकून मिनिटाला चौदा श्वास दिले तर?"

फुंकणं थांबलं की कार्बन डायऑक्साइड चढणार, पीएच आणखी कोसळणार आणि हृदय बंद पडणार. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, अशी गत.

सुमंगलाबाई जानकीकडे वळल्या. "बाय, ह्यांना साखर आहे?"

"आसा. इंजेक्शन घेतात. तीन दीस ओकारी चालू, पोटात काय ऱ्हवत नाय. जेवतच नाय तर इंजेक्शन कित्याक, म्हणून बंद केला."

बोटाला सुई टोचली. यंत्राने आकडाच दाखवला नाही, साखर त्याच्या मोजमापाच्या पलीकडे गेली होती. लघवीत कीटोन्स, म्हणजे इन्सुलिनवाचून शरीरात तयार होणारं आम्ल, भरपूर. मग काय, सलाईन धो धो सुरू झालं, पोटॅशियम बघून इन्सुलिनची धार लागली. नळीचा ट्रे झाकून ठेवला. दर तासाला साखर, दोन तासांनी रक्त. दुपारी पीएच सात पॉइंट एकवीसवर आला. श्वास अठ्ठावीस. संध्याकाळी सगुणने डोळे नीट उघडले आणि पाणी मागितलं. जानकी एवढा वेळ धीराने उभी होती, ती तेव्हा कुठे स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

ड्यूटी संपताना प्रज्योत टेबलापाशी आला. "सिस्टर, माझ्या हातून गेला असता आज. तुम्ही तो अंगठा ठेवता ना, ते कुणी शिकवलं?"

सगुणचा कागद सुमंगलाबाईंनी फाइलला लावला.

"माझं माहेर सुर्ल्याचं. बाबा ट्रकवरच होते. मी नर्स होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा त्यांना असेच धापा टाकत आणलं. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास आहे? मीच सांगितलं, छातीत धूळ आहे. मशीनवर घेतलं. तासाभरात गेले."

"आणि तपासणी?"

"केली होती. पीएच सात पॉइंट बारा, कार्बन डायऑक्साइड अठरा, बायकार्बोनेट सहा." त्यांनी पर्स उचलली. "तो कागद सगळा वेळ माझ्याच हातात होता, डॉक्टर. मी फक्त गावाचं नाव वाचलं."