उलटलेल्या गायी

सुप्यात एका डेअरीच्या ऑफिसात मी चॅटबॉटचं काम बघायचो. शेतकऱ्यांनी विचारलेले हजारो प्रश्न साठले होते. त्यातले कुठले विषय बॉटला येत नाहीत, ते शोधायचं होतं. कॉम्प्युटरमधलं मॉडेल प्रत्येक प्रश्न आकड्यांत मांडायचं, आणि ज्यांचे आकडे जवळ ते प्रश्न एका गटात पडायचे. गटाला नाव मात्र आम्हीच द्यायचं.

एका मोठ्या गटात "गाय उलटली" आणि "टेम्पो उलटला, दूध सांडलं" शेजारीशेजारी होते. मी नाव दिलं, "अपघात". मी भिंगारचा, शहरात वाढलेला; माझा गायीशी संबंध चहापुरता. पण एवढ्या गायी पडतात तरी कुठे? गोठे काय घाटात बांधलेत? मी चक्क विम्याची माहिती लिहायला घेतली.

मग एक प्रश्न पुढे आला : "एकवीस दिवसांनी परत उलटली. आता काय करावं?" गाय तारीख बघून पडते? माझं डोकंच चालेना. शेजारी पारनेरच्या सहकारी बाई बसायच्या, त्यांना विचारलं. त्या हसतच सुटल्या.

"अवो, उलटली म्हंजी डॉक्टरकडनं भरवली तरी गाभण न्हाई राहिली. परत माजावर आली!"

मी चिडून गटाचं नाव बदललं, नवं उत्तर लिहिलं आणि बॉट सुरू केला. टेम्पोचे प्रश्न त्या गटातून वेगळे काढायचं डोक्यातच आलं नाही. पहिलाच प्रश्न आला : "टेम्पो उलटला, काय करू?"

बॉट म्हणाला, "काळजी करू नका. माजावर आल्यावर डॉक्टरांकडून पुन्हा भरवून घ्या."