साप चावला नव्हता

येलदरी धरणाच्या दरवाजांच्या लोखंडी दोरांना ग्रीस लावायचं काम भुजंग सहा वर्षं रोजंदारीवर करत होता. एका दोराला तो दीड तास घ्यायचा. दुसरे अर्ध्या तासात उरकायचे आणि मग दोराच्या तारा गंजल्या की त्यालाच हाक मारायचे.

१९९३ च्या उन्हाळ्यात कायम नोकरीसाठी तपासणी झाली. रक्तदाब दोनशे वीस, खालचा एकशे तीस. डॉक्टरांनी तीनदा पट्टा बांधला, मग दुसरं यंत्र मागवलं. आकडा हलला नाही. भुजंग सव्वीस वर्षांचा होता.

गोळ्या सुरू झाल्या. एकीनं लघवी वाढली, दाब फार उतरला नाही. आठव्या दिवशी शिडीवर त्याचे पाय अचानक गळाले. साथीदारानं कमरेला धरलं म्हणून वाचला. मग परभणीला, डॉ. सत्यशीलाबाईंकडे. रक्तात पोटॅशियम फार खाली गेलेलं निघालं.

"वडील आहेत?" बाईंनी विचारलं.

आई पार्वतीबाई शेजारीच बसली होती. भुजंगनं तोंड उघडायच्या आत ती बोलली, "साप चावला त्यांना. शेतात."

भुजंगनं मान खाली घातली. बाप झरीला, त्यांच्या मूळ गावी, दुपारी अंगणात मोठ्यानं ओरडून डोकं धरून पडला होता. छत्तिसाव्या वर्षी. तोंड वाकडं झालं, रात्र निघाली नाही. त्याचा धाकटा भाऊ व्यंकटराव तसाच गेला, एकतिसाव्या वर्षी. म्हणून माय दोन लेकरं घेऊन येलदरीला आली आणि साप सांगू लागली. आता भुजंगच्या धाकट्या बहिणीचं, हेमाचं, लग्न जमत आलं होतं. राणीसावरगावचे पाहुणे रविवारी सुपारी फोडायला येणार होते. डोक्याच्या आजाराचं घर कळलं तर ते वाटेतूनच परत फिरतील, एवढंच मायला कळत होतं.

बाईंनी लघवीची गोळी बंद केली, पोटॅशियम राखणारी दुसरी दिली. "घरात कुणाला एवढ्या कमी वयात असं? मेंदूत रक्तस्राव होऊन कुणी गेलं, चाळिशीच्या आधी?"

"न्हाई," माय म्हणाली.

"पार्वतीबाई, मी प्रत्येक बीपीवाल्याला हे विचारत नाही. पोरगं कोवळं, दाब भयंकर, साध्या गोळीनं पाय गेले. यात घराचा इतिहास जुळला तर रक्त परदेशी पाठवायचं. काही घरांत दोन जनुकं चुकून जोडली जातात, आणि ते आई-बापाकडून निम्म्या लेकरांत उतरतं. मीठ धरून ठेवणारा रस मग दुसऱ्याच ग्रंथीच्या हुकमावर सुटतो. तो हुकूम रोज झोपताना एका बारीक गोळीनं दाबता येतो. पण आधी नक्की कळायला पाहिजे."

"अन् न्हाई दाबला तर?" भुजंगनं विचारलं.

बाईंनी टेबलावरचा पेन उगाच सरळ केला.

बाहेर व्हरांड्यात माय पुटपुटत होती, "रईवार होऊ दे. मग सांगू."

"माय, मला काही झालं तर रईवार कुणाचा?"

"तुझ्या तोंडाला आग लागो. तुला काई होत न्हाई."

"बाप पडला तवाबी असंच म्हनत होतीस."

ती भिंतीला टेकली. भुजंग तिच्या समोर येऊन उभा राहिला. "जनमलेल्या प्रत्येक लेकराला निम्मा धोका असतो, आत्ता बाई म्हनल्या. हेमाला बी."

मायनं पदरानं तोंड पुसलं. मग न सांगता ती परत आत गेली. भुजंग मागोमाग पोचला तेव्हा ती टेबलाची कड धरून म्हणत होती, "बाई, साप न्हाई चावला. हे अन् दीर, दोघंबी डोक्यानं गेले. लय घाबरायले मी. दोन्ही लेकरांचं रक्त काढा."

शुक्रवारी हेमानं परभणीला रक्त दिलं. दाब एकशे पन्नास. हेमा हसून म्हणाली, "दादा, तुझ्याहून कमीच हाय की. आमी पोरी जरा शाण्या असतो." पण परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. शनिवारी भुजंगनं राणीसावरगावला जाऊन पाहुण्यांना घरातला आजार स्वतः सांगितला. त्यांनी चहा दिला, "कळवतो" म्हणाले. रविवारी कुणी आलं नाही. पुढंही नाही.

बाईंना शिकवलेल्या मुंबईच्या डॉक्टरांमार्फत रक्ताच्या नळ्या अमेरिकेला गेल्या. पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत मायला रोज धसका. भुजंग दुपारी कामावर वाकला की तिला झरीचं अंगण दिसायचं. मग कागद आला. दोघांतही ते जोडलेलं जनुक होतं.

बाईंनी झोपतानाची गोळी लिहून दिली. तिसऱ्या महिन्यात भुजंगचा दाब एकशे अडतीसवर आला. हेमाच्या गोळीचं प्रमाण अजून बसवायचं होतं. पट्टा बांधायला तिनं हात पुढं केला. पार्वतीबाई आकडा ऐकेपर्यंत श्वास धरून होती.