सातवा इलेक्ट्रॉन

प्रोटॉनचा झोत सोडणारं ते यंत्र चालू असताना आसपास किरणोत्सर्ग किती आहे हे मोजायचं आणि वहीत उतरवायचं, हे काउंटरवाल्या बाईंचं एकवीस वर्षांचं काम. बी.एस्सी. शेवटच्या वर्षी सुटलं ते सुटलंच. पण आकडा त्यांच्या हातून कधी चुकला नव्हता, आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

यंत्रासमोर कार्बन-१३चं टार्गेट बसलं तेव्हा प्रयोगाचे प्रमुख असलेल्या सरांनी सगळ्यांना एक कागद दाखवला. या कार्बनवर प्रोटॉन आदळला की नायट्रोजन-१३ तयार होतो आणि एक न्यूट्रॉन सुटतो. पण त्यासाठी प्रोटॉनजवळ किमान ऊर्जा हवी. एमईव्ही या मापात ती कागदावर ३.७९ होती. झोत ३.४५च्या वर जाणार नव्हता. म्हणजे न्यूट्रॉन निघायचा प्रश्नच नाही. जाड भिंत कशाला, विटांची पडदी पुरे. पडदीपलीकडे वर्कशॉप होतं, आणि पडदीला लागूनच बाईंच्या नवऱ्याचं लेथ.

पहिल्याच दिवशी पडदीजवळचा न्यूट्रॉन काउंटर टकटकायला लागला.

“सर, मोजणी येतेय.”

“येऊच शकत नाही. काउंटर बिघडलाय.”

“मी सकाळीच तपासलाय.”

“बाई, निसर्गाचे नियम तुमच्या डब्याला विचारून चालत नाहीत.”

सगळे हसले. बाईंनी सुरक्षेच्या पत्रकावर सही करायला नकार दिला. संध्याकाळपर्यंत काउंटर दुरुस्तीला गेला आणि बाई भांडारात.

घरी नवरा जेवता जेवता म्हणाला, “कशाला वाकड्यात शिरतेस? ते शिकलेले लोक आहेत.”

“तुम्ही तरी लेथ दुसरीकडे हलवा.”

“हलवायला ते काय स्टूल आहे?”

मग बाईंना स्वतःबद्दलचीच शंका खायला लागली. काउंटर खरंच बिघडला असेल तर? भांडारात खिळे-नटबोल्ट मोजताना त्यांचं लक्ष लागेना. शेवटी एका दुपारी त्यांनी कपाटातलं अणुवस्तुमानांच्या तक्त्यांचं जाडजूड पुस्तक काढलं, सरांच्या कागदाची प्रत शेजारी ठेवली आणि वही-पेन्सिल घेतली.

एकीकडे कार्बन-१३ आणि प्रोटॉन, दुसरीकडे नायट्रोजन-१३ आणि न्यूट्रॉन. दोन्हींच्या वस्तुमानांतला फरक ९३१.४९४ने गुणला की क्यू मिळतो, म्हणजे क्रियेत सुटणारी किंवा लागणारी ऊर्जा. सरांचंच उत्तर आलं, उणे ३.५१. आदळल्यावर काही ऊर्जा सगळं पुढे ढकलण्यातच जाते, म्हणून किमान ऊर्जा त्याहून थोडी जास्त: ३.७९. चूक आपलीच होती तर.

पुस्तक मिटता मिटता तक्त्याच्या वरची ओळ दिसली: ही वस्तुमानं अणूंची आहेत, इलेक्ट्रॉन धरून. कार्बनमध्ये सहा इलेक्ट्रॉन, नायट्रोजनमध्ये सात. आणि प्रोटॉनचा आकडा? १.००७२७६. नुसता, उघडा प्रोटॉन! डावीकडे सहा, उजवीकडे सात. एक इलेक्ट्रॉन कमी धरला होता. तिथे हायड्रोजन अणूचं वस्तुमान हवं होतं, १.००७८२५.

त्यांनी पुन्हा बेरीज मांडली. डावीकडे १४.०१११८०. उजवीकडे १४.०१४४०४. फरक ०.००३२२४. क्यू उणे ३.००. किमान ऊर्जा ३.२४.

आणि झोत ३.४५वर चार आठवडे चालू होता.

त्या धावतच वर गेल्या. सर कुणाशी तरी बोलत होते. बाईंनी वही त्यांच्या टेबलावर आपटली. “आधी बटण बंद करा, मग वाचा.”

सरांनी आधी वाचलं. दोनदा गणित केलं. मग फोन उचलून झोत थांबवायला सांगितलं.

“माझ्याकडून…” ते म्हणाले.

“पडदीपलीकडे किती गेलं, सांगा.”

“मोजमाप नाही.”

“छातीवरचे मोजणीचे बिल्ले?”

“त्यांच्यावर फक्त गॅमा किरण उमटतात. न्यूट्रॉन मोजणारा काउंटर आपण…” त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. काउंटर न्यायच्या चिठ्ठीवर त्यांचीच सही होती.

त्यानंतर अंदाज काढले गेले. एक अंदाज दुसऱ्याच्या दहापट निघाला. डॉक्टरांनी नवऱ्याचं रक्त घेतलं, ठीक आहे म्हणाले, आणि दर सहा महिन्यांनी यायला सांगितलं. किती वर्षं, ते नाही सांगितलं.

बाईंना जुनं काम परत मिळालं. सर त्यांना आता “मॅडम” म्हणायचे, ते त्यांना ऐकवत नसे.

एकदा नवरा चहा घेता घेता म्हणाला, “तू बरोबर होतीस ना? मग रडतेस कशाला?”

पहिल्या दिवशी, मोजणी येत असताना, बाई काउंटर उचलून नेणाऱ्यांना आडव्या आल्या नव्हत्या. बाजूला सरकून त्यांना वाट दिली होती. त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.