विषय : तक्रार अर्ज

धामणगाव बढे इथं माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान होतं. त्या वर्षी बीटी कापसाचं बियाणं अनेकांचं नीट उगवलं नाही. गावातल्या एक चाची, नवरा गेल्यापासून तीन एकर एकट्यानं कसणाऱ्या, रिकामी पिशवी आणि दुकानाची पावती घेऊन आल्या. त्या सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेलो. नवऱ्याचं आजारपण, मागच्या सालची बोंडअळी, सारं आलं. बियाण्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता. विषयात मी 'तक्रार अर्ज' लिहिलं आणि बुलढाण्याच्या कृषी कार्यालयाला ईमेल पाठवला.

दोन दिवसांनी 'आपला अर्ज प्राप्त झाला' एवढंच उत्तर आलं. त्यानंतर आठवडाभर काहीच नाही. शेवटी मी एसटीनं बुलढाण्याला गेलो. आवक टेबलावरच्या बाईंनी संगणक माझ्याकडे वळवला. पडद्यावर खालपासून वरपर्यंत 'तक्रार अर्ज', 'विनंती अर्ज' अशाच ओळी होत्या.

"यातला तुमचा कोणता, सांगा बरं," त्या म्हणाल्या. "मले उघडायच्या आधी विषय अन् पहिली ओळच दिसते. त्याच्यावर टेबल ठरवते मी. बियाण्याचं लिहिलं असतं तं गुणनियंत्रणाकडे गेला असता. हा सर्वसाधारणमध्ये पडून आहे."

आवाजात राग नव्हता. दिवसभर हेच करून त्या थकल्या असाव्यात.

परत आल्यावर चाचींना बोलावलं. नवा विषय लिहिला : 'बीटी कापूस बियाणे न उगवल्याची तक्रार, लॉट क्रमांक, गट क्रमांक, तातडीने पाहणी व पंचनाम्याची मागणी'. क्रमांक पिशवीवरून आणि सातबाऱ्यावरून घातले. पहिल्या वाक्यात पेरणीची तारीख, किती उगवलं आणि दुबार पेरणीसाठी शेत लवकरच मोडावं लागेल, एवढंच. पावती आणि पिशवीचे फोटो जोडले. एक प्रत तालुक्याच्या कृषी कार्यालयाला.

चाचींनी वाचून दाखवायला सांगितलं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "ह्यांच्या आजारपणाचं काढून टाकलं काऊन?"

"चाची, त्यानं अर्ज दुसरीकडे जाते."

"मंग माहं काय झालं ते कोणाले समजीन?"

मी जोडलेले फोटो पुन्हा तपासले. शेवटी त्याच म्हणाल्या, "हाव, पाठव."

तिसऱ्या दिवशी तालुक्यातून फोन आला, त्यानंतर पाहणीला तक्रार समिती आली. पण वाट पाहून कंटाळलेल्या चाचींनी तोवर दोन एकर मोडून पुन्हा पेरलं होतं. उरलेल्या एका एकरात समितीच्या साहेबांनी ओळींतली रोपं मोजली आणि पंचनाम्यात तेवढंच क्षेत्र आलं. बियाण्यात दोष असल्याचा अहवाल चाचींना मिळाला. मोडलेल्या दोन एकरांबद्दल त्यात काही नव्हतं.

पहिल्या दिवशी मी विषय धड लिहिला असता तर तिन्ही एकर मोजले गेले असते. चाचींनी अहवाल घडी करून पिशवीत ठेवला आणि निंदायला बाया मिळत नाहीत, यावर बोलत राहिल्या.